भागीदारीपत्रातलं दुसरं नाव

हे प्रकरण भोसरीतल्या एका छोट्या मशीन शॉपचं आणि तिथल्या भावाबहिणीचं आहे. मी सी.ए. आहे, ऑफिस सदाशिव पेठेत. या घराचे हिशेब वीसेक वर्षं माझ्याकडे आहेत, त्यामुळे भाऊ काय बोलला आणि बहीण काय बोलली, हे दोन्ही मला त्यांच्याच तोंडून कळलं. दोघांच्या परवानगीनं लिहितोय. नावं दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.

वडिलांनी एका जुन्या लेथवर काम सुरू केलं. एमआयडीसीचा प्लॉट त्यांनी स्वतःच्या कमाईतून घेतला. तिथल्या रीतीप्रमाणे तो ९५ वर्षांच्या भाडेकरारावर आहे आणि तो करार वडिलांच्याच नावावर आहे. आज शेडमध्ये संगणकावर चालणारी तीन मशीनं, म्हणजे दोन सीएनसी आणि एक व्हीएमसी, आणि चौदा माणसं आहेत. मोठ्या वाहन कंपन्यांना माल देणाऱ्या व्हेंडरांची जॉबवर्कची कामं इथे चालतात. फर्म भागीदारीत आहे. हे प्रकरण घडलं तेव्हा भागीदार होते वडील आणि मुलगा, निम्मे निम्मे.

मुलगा एकोणिसाव्या वर्षी शेडमध्ये आला. वडिलांची बायपास झाली, तेव्हा तो डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होता. परीक्षा द्यायची राहिली ती राहिलीच. बहीण त्याच्याहून सात वर्षांनी लहान. ती मेकॅनिकल इंजिनिअर झाली आणि चाकणला एका कंपनीत क्वालिटी विभागात लागली. तिची सुट्टी रविवारी आणि भोसरीची गुरुवारी. त्यामुळे रविवारी शेड चालू असायची, ती सकाळी यायची आणि दुपारपर्यंत दादाचे इन्स्पेक्शन रिपोर्ट बघायची. मायक्रोमीटर, गेज, ड्रॉइंग, रिजेक्शनचं कारण, हे सगळं तिला मनापासून आवडायचं. पाच वर्षं हा क्रम चालला.

दोन वर्षांपूर्वी वडील सत्तरीला आले आणि फर्ममधून निवृत्त व्हायचं म्हणाले. दादानं ठरवलं की त्यांच्या जागी बहीण येईल. पाडव्याला नव्या भागीदारीपत्रावर सह्या आणि १ एप्रिलपासून दोघं निम्मे निम्मे. त्याच सुमाराला ३८ लाखांचं कर्ज काढून नवी व्हीएमसी घ्यायची. मला कच्चा मसुदा करायला सांगितला तेव्हा त्याचा आवाज आनंदानं भरलेला होता. घरातल्या थोरल्यांपैकी दोघांनी त्याला टोकलं होतं: मुलगी आहे, उद्या लग्न होऊन जाईल, तिला निम्मी भागीदारी कशाला? तो त्यांच्याशी भांडला. "ड्रॉइंग वाचायला माझ्यापेक्षा तिला जास्त कळतं" असं त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं.

या प्रकरणातली खरी अडचण इथेच आहे. धंद्यात घ्यायला कुणी जबरदस्ती करत असेल तर नाही म्हणणं त्या मानानं सोपं जातं. इथे भाऊ बहिणीसाठी नातेवाइकांशी भांडून बसला होता, आणि ती नाही म्हणाली तर त्या नातेवाइकांचंच खरं ठरणार होतं.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ती एकटी माझ्या ऑफिसात आली. म्हणाली, "काका, मला पॉलिटेक्निकमध्ये शिकवायचंय. जूनपासून जागा मिळालीय. दादाला कसं सांगू कळत नाही."

मी तिला जो पहिला सल्ला दिला तो चुकीचा होता. मी म्हणालो, दहा टक्के हिस्सा ठेव, काम करू नकोस, नाव राहू दे, दादाला वाईट वाटणार नाही. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "पण मग त्याला वाटत राहील की मी येणार आहे. दर वर्षी वाट बघेल." तिचं बरोबर होतं. आणि माझ्या विषयापुरतंसुद्धा तिचंच बरोबर होतं, हे मला तिच्याआधी सुचायला हवं होतं.

नावापुरता भागीदार असं कायद्यात काही हलकं प्रकरण नाही. भारतीय भागीदारी कायदा १९३२ चा आहे. त्याप्रमाणे फर्मच्या देण्याला प्रत्येक भागीदार एकत्रितपणे आणि एकेकटाही जबाबदार असतो. हिस्सा दहा टक्के असला म्हणून देणं दहा टक्क्यांपुरतं राहत नाही. बँक टर्म लोन देताना सगळ्या भागीदारांच्या सह्या घेते आणि बहुतेक वेळा वैयक्तिक जामीनही मागते. जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. बाहेर पडायचं म्हटलं तर निवृत्तीची जाहीर नोटीस द्यावी लागते, नोंदणी झालेल्या फर्मला राजपत्रात आणि स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रातही. ती दिली नाही तर फर्मनं पुढे केलेल्या व्यवहारांसाठीही लोक तुमच्याकडे येऊ शकतात. मार्केट यार्डातल्या एका घरात धाकटा भाऊ असाच 'राहू दे नाव' म्हणून राहिला होता. अकरा वर्षांनी त्याच्या स्वतःच्या फ्लॅटवर बँकेची नोटीस लागली आणि तेव्हापासून ते दोघे भाऊ बोलत नाहीत. हे मला माहीत असून मी तिला तोच रस्ता सुचवत होतो, कारण मलाही दादाचं मन मोडायचं नव्हतं.

मग आम्ही नीट बसलो. तिच्या नकारानं दादावर नेमका काय भार पडणार आहे, हे तिला आधी कळायला हवं होतं. फर्ममध्ये दोनच भागीदार आहेत. वडील निवृत्त झाले आणि दुसरं कुणी आलं नाही तर भागीदारीच उरत नाही, कारण एका माणसाची भागीदारी होत नाही. मग दादाला एकट्याच्या मालकीत धंदा घ्यावा लागेल. म्हणजे पॅन बदलणार, जीएसटीची नवी नोंदणी होणार, बँकेचं खातं नवं, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाकडे व्हेंडर कोड, म्हणजे माल देणारा म्हणून नोंदीचा नंबर, पुन्हा उघडावा लागणार. या शेवटच्या कामाला काही ठिकाणी दोन-तीन महिने जातात आणि तेवढा काळ बिलं अडकतात. चौदा पगार असलेल्या शेडला हे सोपं नाही. म्हणून मी तिला म्हणालो की सांगायचं असेल तर याच महिन्यात सांग. मार्चमध्ये सांगितलंस तर तो संतापेल आणि ते रास्त असेल.

दुसरा प्रश्न होता, आधी कुणाला? तिच्या मनात बाबांना सांगायचं होतं. बाबा समजूतदार आहेत, ते दादाला सांगतील. मी याला विरोध केला. बाबांनी सांगितलं की तो बहिणीचा निर्णय राहत नाही, वडिलांचा हुकूम होतो. दादा सतरा वर्षं वडिलांचं ऐकत आला होता. हेही त्यानं ऐकलं असतं, आणि बहिणीशी बोलण्याचा प्रश्नच उरला नसता. पहिल्यांदा त्याला, एकट्याला आणि समोरासमोर सांगायचं, असं ठरलं. फोनवर नाही, घरी जेवताना नाही. गुरुवारी, शेड बंद असताना.

तिसऱ्या गोष्टीला सगळ्यात जास्त वेळ गेला: कारण काय सांगायचं. तिनं घरून लिहून आणलेल्या कागदावर चार कारणं होती. कॉलेजच्या वेळा, चाकणच्या नोकरीतला थकवा, लग्नानंतर कुठे राहणार हे माहीत नाही, आणि शिकवायची आवड. मी तिला म्हटलं, तू दादाला ओळखतेस. तो दिवसभर काय करतो? इन्सर्ट तुटला तर दुसरा शोधतो, ऑपरेटर आला नाही तर स्वतः उभा राहतो, गाडी आली नाही तर टेम्पो बोलावतो. त्याला अडचण सांगितलीस की तो ती सोडवायला घेणार. वेळा जुळत नाहीत म्हणालीस तर म्हणेल संध्याकाळी ये. लग्नाचं म्हणालीस तर म्हणेल घरून काम कर. चारही अडचणी तो तासाभरात सोडवील, मग तुझ्याकडे काही उरणार नाही, आणि तू खोटं कारण देत होतीस असं त्याला वाटेल. यातलं खरं कारण कोणतं?

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "मला मशीन आवडतं, काका. धंदा नाही आवडत. पेमेंटच्या मागे लागणं, माणसं सांभाळणं, रात्री दोनला फोन येणं. दादाला त्याचा त्रास होतो, पण तो त्यात जिवंत असतो. मी नसते."

मी म्हणालो, हेच सांग. बाकी तीन खोड.

तिनं पहिलं वाक्य पाठ केलं. हे मला फार योग्य वाटतं. अशा वेळी माणूस आभारांपासून सुरुवात करतो, बालपणावर जातो, आणि मुद्दा येईपर्यंत समोरच्याला वाटतं की ही होच म्हणायला आली आहे. मग नकार दुप्पट लागतो. 'सध्या', 'बघू', 'एखाद वर्ष' हे शब्द तिनं मुद्दाम वगळले, कारण तसं सांगितलं असतं तर दादानं तिची जागा रिकामी ठेवून वाट बघितली असती.

जानेवारीच्या शेवटच्या गुरुवारी तिनं रजा टाकली आणि भोसरीला गेली. रविवार नसताना ती आली, यावरूनच दादाला काहीतरी आहे हे कळलं. मशीन बंद, कूलंटचा वास, पुढच्या छोट्या ऑफिसात दोघं. ती म्हणाली, "दादा, मी भागीदार होणार नाहीये. आत्ताही नाही आणि पुढेही नाही. मी ठरवलंय, आणि सगळ्यात आधी तुला सांगायला आलेय."

दादा काही बोलला नाही. मग विचारलं, "का?"

तिनं ते मशीनचं आणि धंद्याचं सांगितलं, शिकवायचं सांगितलं. अपेक्षेप्रमाणे तो सोडवायला लागला. पेमेंट मी बघतो, माणसं मी बघतो, तू फक्त क्वालिटी बघ. शनिवार-रविवार शिकव. "पगार किती देणारेत? त्याच्या दुप्पट काढू तुझा." ती प्रत्येक वेळी तेवढंच म्हणत राहिली: "तू करशील हे सगळं, मला माहितेय. तरी मी येणार नाही."

तिसऱ्यांदा हे ऐकल्यावर त्याचा आवाज चढला. "तुझ्या इंजिनिअरिंगची फी याच लेथनं भरलीय."

हे वाक्य अशा बहुतेक घरांत येतं. याला उत्तर देताना माणसं दोन चुका करतात. कुणी हिशेब काढतं, मीही पाच वर्षं रविवारी फुकट काम केलं म्हणून. कुणी कोसळतं आणि सही करतं. ती म्हणाली, "हो, भरलीय. तू भरलीस. ते मी कधी नाकारणार नाही. पण त्या फीसाठी इथे आले तर मी रोज फेडायला येईन. आणि तुला ते महिन्याभरात कळेल, दादा. तुला माझं तोंड वाचता येतं."

तो उठून शेडमध्ये गेला. पाच-दहा मिनिटांनी ती मागे गेली, तर तो जुन्या लेथपाशी उभा होता. तिच्याकडे न बघता म्हणाला, "मला कुणी विचारलंच नव्हतं, यायचंय का म्हणून."

मला हे त्या दोघांनीही वेगवेगळं सांगितलं, आणि दोघंही इथे येऊन थांबले. इतक्या वर्षांत दादानं ही गोष्ट कुणाला सांगितली नव्हती, कदाचित स्वतःलाही नाही. बहिणीचा नकार त्याला कामासाठी लागला नव्हता. क्वालिटीला माणूस पगारावर मिळतो. नाही म्हणता येतं, हेच तो त्या दिवशी पहिल्यांदा बघत होता, आणि स्वतः तसं म्हणायची वेळ सतरा वर्षांपूर्वी निघून गेली होती. शिवाय तो एकटा पडला होता. वडिलांनंतर या शेडची काळजी ज्याला वाटेल असं त्याला घरातलं दुसरं माणूस हवं होतं.

तिच्या जागी दुसरं कुणी म्हणालं असतं, मग तूही सोड. किंवा, पण तुला आवडतं ना आता. ती यातलं काही बोलली नाही. म्हणाली, "मला माहीत होतं. तरी मीही तुला कधी विचारलं नाही." मग दोघं बराच वेळ तिथेच बसून राहिले.

निघताना तिच्या तोंडावर एक वाक्य आलं होतं आणि तिनं ते गिळलं, कारण त्याबद्दल आम्ही आधी बोललो होतो. ते वाक्य म्हणजे, "मला काही नको, शेडही सगळी तुझीच." अपराधी वाटत असताना माणूस हे हमखास बोलतो. धंद्यात काम करणं, फर्ममधली भागीदारी आणि वडिलांच्या मालमत्तेतला वारसा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. प्लॉट वडिलांच्या कमाईतला, वडील हयात आहेत. त्यांच्या हयातीत मुलीच्या नावे तिथे काही आलेलंच नाही; वारशानं पुढे काही मिळेल ही नुसती अपेक्षा कायद्यानं हस्तांतरित करता येत नाही. त्यामुळे हक्कसोड करायला हातात हक्कच नव्हता. वडील मृत्युपत्र करू शकतात, तो त्यांचा प्रश्न. पण त्या गुरुवारी बोललेलं वाक्य दादानं धरून ठेवलं असतं, आणि दहा वर्षांनी तिला किंवा तिच्या नवऱ्याला ते बोचलं असतं. नंतर दादानं सरळ विचारलं, "उद्या हिस्सा मागशील का?" तेव्हा ती म्हणाली, "बाबा आहेत तोवर हा प्रश्न त्यांचा. चालती शेड विकायला लावून मी काही मागणार नाही, एवढं आत्ता सांगते. बाकी काकांसमोर बसून बोलू." तिनं वचन दिलं, पण पाळता येईल तेवढंच.

पुढचे तीन आठवडे दादानं फोन केला नाही. या काळात तिची एक चूक झाली. ती पुढच्याच रविवारी नेहमीसारखी शेडवर गेली आणि रिपोर्ट तपासायला बसली, नातं तुटलं नाही हे दाखवायला म्हणून. दादानं कामगारांसमोर विचारलं, "मग आता का आलीस?" ती रडत माझ्याकडे आली. प्रेमानं गेली होती, पण दादाला त्यात दोन अर्थ दिसले: हिचा निर्णय पक्का नाही, किंवा ही मला दिलासा द्यायला आली आहे. आम्ही ठरवलं की मदतीला तारीख लावायची. तिनं दादाला पत्र लिहिलं, हातानं, एक पान. मे अखेरपर्यंत दर रविवारी येईन, एका नव्या मुलाला इन्स्पेक्शन शिकवीन, गेजची कॅलिब्रेशनची वही आणि गिऱ्हाइकांच्या रिपोर्टांचे नमुने त्याच्या हाती देईन. १ जूननंतर मी शेडवर येईन ती तुझी बहीण म्हणून. हे पत्र दादानं मला आणून दाखवलं. काही बोलला नाही, पण नव्या मुलासाठी जाहिरात टाकायची का, असं विचारलं. त्यावरून मला कळलं की नकार पोचला.

बाबांना त्यानंतर दोघांनी मिळून सांगितलं. आईनं मुलीशी दोन दिवस अबोला धरला. त्या नातेवाइकांनी अपेक्षेप्रमाणे म्हटलं की सांगितलं होतं ना. त्यावर दादा म्हणाला, "तुम्ही लग्नाचं सांगितलं होतं. ती शिकवायला चाललीय." मला हे ऐकून फार बरं वाटलं.

फर्मचं काय झालं? वडिलांनी एक वर्ष आणखी, पाच टक्क्यांवर राहायचं कबूल केलं, म्हणजे पॅन आणि व्हेंडर कोड तसेच राहिले. त्यांच्या वयामुळे हा उपाय तात्पुरताच होता. दोनांपैकी एक भागीदार गेला तर फर्म त्या दिवशी विसर्जित होते, हे मी दादाला स्पष्ट सांगितलं. मसुद्यावर बोलताना मी विचारलं, आठ वर्षं चलनं, पगार आणि जीएसटीचे आकडे मला कोण पाठवतं? वहिनी. तिचं नाव कुणाच्या डोक्यात आलंच नव्हतं, माझ्याही नाही. दादा लगेच म्हणाला, मग तिलाच घेऊ. तेव्हा बहीण म्हणाली, "दादा, आधी विचार तिला. आणि नाही म्हणाली तरी चालेल असं सांगून विचार." वहिनीनं चार महिने घेतले. कर्जाची कागदपत्रं माझ्याकडून नीट समजावून घेतली, जामिनाच्या कलमावर दोनदा थांबली, आणि चाळीस टक्क्यांवर आली. व्हीएमसी त्यानंतरच घेतली, ठरल्यापेक्षा आठ महिने उशिरा. या उशिरामुळे एक काम हातचं गेलं. ते नुकसान तिच्या नकारामुळे झालं, हे ती मानते. दादानं ते एकदाच बोलून दाखवलं.

सगळं सुरळीत झालेलं नाही. बाबा अजून पाहुण्यांना शेड दाखवताना ऑफिसातली दुसरी खुर्ची लेकीची म्हणून दाखवतात. गेल्या खंडेनवमीला मशीनची पूजा झाली तेव्हा दादानं तिला बोलावलं, पण आरतीचं तबक वहिनीच्या हाती दिलं, आणि बहीण क्षणभर बाजूला उभी राहिली. ते तिला लागलं. तिनं मला सांगितलं, दादाला नाही.

डिसेंबरमध्ये तिनं दादाला फोन केला. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना चालू शेड दाखवायची होती, पंचवीस मुलं, गुरुवारी कॉलेजची गाडी मोकळी असते. दादा म्हणाला, "गुरुवारी काय दाखवशील, बंद मशीनं? बुधवारी आण. सेटिंग कसं करतात ते मी दाखवतो." तो त्याच वर्षात डिप्लोमा सोडून शेडमध्ये आला होता. त्या बुधवारी तो दीड तास बोलत होता, असं वहिनीनं मला सांगितलं.